व्हायवातली पाच मिनिटं: परीक्षक दुसऱ्या विषयांचे आहेत, गुलाबी बोंडअळीचं काम कसं सांगू?

डोमकळी
नमस्कार मंडळी. राळेगाव तालुक्यातून लिहितेय. माझा पीएचडीचा ओपन व्हायवा जवळ आलाय, विषय प्राणिशास्त्र. सुरुवातीला पाच मिनिटं तोंडी सारांश द्यायचा आहे, स्लाईड फक्त एक चालेल असं सांगितलंय, आणि मग प्रश्न. अडचण अशी की ऐकणारे तिघं तीन विषयांचे. एक सर सांख्यिकीचे, एक मॅडम कृषी अर्थशास्त्राच्या, आणि अध्यक्ष रसायनशास्त्राचे. तिघांनाही मराठी येतं म्हणून मराठीतच बोलणार आहे, तेवढी परवानगी घेतलीय.

काम थोडक्यात असं: मे महिन्यात ओलिताखाली लवकर कापूस लावणारी गावं आणि जूनच्या शेवटी पाऊस पडल्यावर लावणारी गावं, यांच्यात गुलाबी बोंडअळी कधी येते त्याची तुलना. गावांच्या सहा जोड्या, प्रत्येक जोडीत एक लवकरचं एक उशिराचं. मादीच्या गंधानं नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे लावले आणि हिरवी बोंडं फोडून पाहिली. दोन हंगाम.

माझा आताचा मसुदा सुरू होतो असा: "गुलाबी बोंडअळी म्हणजेच पेक्टिनोफोरा गॉसिपिएला ही जेलेचिडी कुळातली कीड असून भारतात 2002 मध्ये बीटी कापसाला मंजुरी मिळाली, 2006 मध्ये दोन जीन असलेलं बीजी टू आलं, आणि 2017 मध्ये विदर्भात मोठा प्रादुर्भाव झाला..." मोबाईलवर वेळ लावून वाचलं तर माझं स्वतःचं काम येईपर्यंत अडीच मिनिटं गेलेली असतात. काय काढू ते कळून नाही राहिलं, सगळंच लागतं असं वाटते.

स्लाईडवाला
पहिले अभिनंदन. माझ्या मते बॅकग्राउंड ठेवाच, दुसऱ्या विषयाच्या माणसाला पार्श्वभूमी नको तर काय पाहिजे? फक्त छोटं करा. आणि सगळे तांत्रिक शब्द काढून टाका. सापळा, बोंडं फोडणं, मॉडेल काही नको, सरळ सांगा की लवकर पेरलं की अळी लवकर येते. दुसऱ्या विषयाच्या लोकांना पद्धतीत रस नसते, त्यांना निष्कर्ष पाहिजे.

जुना_गाईड
शब्द कमी करा इथपर्यंत स्लाईडवाल्यांशी सहमत, पण पद्धत काढा हे चुकेल. बाहेरच्या विषयाचा परीक्षक अळीबद्दल तुमच्याशी वाद घालू शकत नाही, त्याला अळी माहीतच नाही. तो फक्त एकच गोष्ट तपासू शकतो, की तुम्ही जे पाहिलं त्यावरून तुम्ही म्हणता तो निष्कर्ष निघतो का. म्हणजे पद्धत हाच त्याच्या हातात असलेला भाग. तोच काढला तर त्याला विचारायला काही उरत नाही आणि मग तो सुरू करतो "याचा समाजाला उपयोग काय" पासून, आणि पुढचा अर्धा तास तिथंच जातो. मी बऱ्याच व्हायवांना बसलोय, हे असंच होते.

ताई, तुमच्या मसुद्यात कुळाचं नाव आहे, मंजुरीची वर्षं आहेत, पण तुमचा प्रश्न कुठे आहे? मला वाचून हे कळलं नाही की मेमध्ये लावलेल्या कापसाचा आणि अळीचा संबंध लागतो तरी कसा. ते कारण एकदा सांगून पहा बरं, आमच्यासारख्यांना, इथंच लिहा.

कोरडवाहू_शेतकरी
ताई मले एक सांगा, माही पऱ्हाटी सध्या पात्यावर आहे अन् दोन दिवसापासून फुलं अशी गुंडाळलेली दिसून राहिली, उमलतच नाही. कोणतं औषध मारू? दुकानवाला दोन औषधं एकत्र करून मारा म्हणते.

डोमकळी
भाऊ हा धागा फवारणीचा नाही, पण तुम्ही सांगता ती डोमकळीच दिसते. गुंडाळलेली फुलं तोडून आत अळी आहे का पहा, असली तर जमा करून नष्ट करा. औषध दुकानवाल्याच्या सांगण्यावर एकत्र करू नका, कृषी सहायकाला शेत दाखवा. सापळा लावला असेल तर सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ किंवा जास्त पतंग आले, किंवा शंभरात दहा फुलं-बोंडं किडलेली दिसली, तर फवारणीचा विचार करायचा असते. लावण कधीची आहे तुमची?

कोरडवाहू_शेतकरी
बाजूच्यानं ओलितावर मेमंधी लावली, माही पाऊस पडल्यावरची. त्याच्या वावरातून आली म्हनते सगळे. खरं हाय का?

जुना_गाईड
ताई, हा प्रश्न पहा. तुमच्या थेसिसचा पहिला मिनिट हाच आहे, भाऊंनी एका ओळीत विचारला.

डोमकळी
खरंच की. बरं कारण लिहिते. हंगाम संपताना अळी बोंडात, सरकीत, पऱ्हाटीच्या ढिगात सुप्त होऊन राहते. उन्हाळा संपता संपता पतंग बाहेर पडतात. या पतंगांच्या पिल्लांना पाती म्हणजे फुलाच्या कोवळ्या कळ्या, किंवा बोंडं लागतात, पानावर त्यांचं भागत नाही. कापसाला पाती यायला लावणीपासून साधारण 40 ते 45 दिवस लागतात. 25 जूनला लावलं तर पाती ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यानंतर, म्हणजे जूनमध्ये निघालेले पतंग आठवडा दोन आठवडे जगून मरतात आणि त्यांची पिढी तिथंच थांबते. पण 20 मेला लावलेल्या कापसाला जुलैच्या सुरुवातीलाच पाती असतात. उशिरा निघालेल्या पतंगांना तिथं घर मिळते, एक पिढी तयार होते, आणि साधारण महिन्याभरानं तीच बाजूच्या उशिराच्या कापसावर येते, नेमकी त्याला पाती लागतात तेव्हा. शास्त्रीय अंदाज हा आहे. मी तपासलं ते हे, की गावाच्या पातळीवर असं खरंच दिसते का.

जुना_गाईड
झालं. यात कुळाचं नाव नाही, 2002 नाही, तरी रसायनवाल्या अध्यक्षांना पूर्ण समजेल. चाळीस दिवसांचा हिशोब कोणीही मनात करू शकते. बीटीचा इतिहास पूर्ण बाहेर काढा, तो प्रश्नोत्तरात लागेल.

आकडेमोड
मी सांख्यिकी शिकवतो, म्हणून त्या सरांच्या जागी बसून विचारतो. तुमच्या मसुद्याच्या पुढच्या भागात "हजारो बोंडं तपासली" असं काही आहे का? असणारच. प्रत्येक जण लिहिते.

डोमकळी
आहे. 12 गावं, गावात 5 शेतं, शेतात 20 बोंडं, म्हणजे एका फेरीत 1200 बोंडं, आणि दर पंधरा दिवसांनी फेरी. मोठा आकडा आहे म्हणून ठळक ठेवला होता.

आकडेमोड
तो आकडा बोललात की मी पेन उचलणार. कारण पतंग उडतो. एका गावातली पाच शेतं एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत, एका शेतातली वीस बोंडं तर नाहीतच. तुम्ही लवकर-उशीर हा फरक गावाला दिलाय, बोंडाला नाही. तुलना गावांची, म्हणून मोजायचं ते जोड्यांमध्ये. तुमच्याकडे 1200 नाही, सहा आहेत. सहापैकी किती जोड्यांत लवकरच्या गावात अळी आधी दिसली?

डोमकळी
पाच. सहाव्या जोडीत उलटं झालं, उशिराच्या गावातच आधी सापडली, ते गाव कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगला लागून आहे. दोन्ही हंगामांत. थेसिसमध्ये विश्लेषण करताना गाव हा रँडम इफेक्ट म्हणून घेतलाय, शेतं स्वतंत्र धरलेली नाहीत.

आकडेमोड
मग विश्लेषण ठीक आहे, बोलणंच त्याच्याशी जुळत नव्हतं. आता हे पहा: लावणीच्या वेळेचा काहीच परिणाम नसता, तर प्रत्येक जोडी म्हणजे नाणं उडवणं. सहा नाणी उडवली तर 64 प्रकारे पडू शकतात, त्यातल्या सात प्रकारांत पाच किंवा सहा छापे येतात. म्हणजे नुसत्या योगायोगानंही साधारण 11 टक्के वेळा असं दिसेल. परीक्षक हा हिशोब कागदावर अर्ध्या मिनिटात करतो. तुमच्या मॉडेलमध्ये किती दिवस आधी हेही येते, त्यामुळे तिथं पुरावा जास्त बळकट निघू शकते, पण तोंडी सांगताना "सिद्ध झालं" म्हणाल तर तो 11 टक्क्यांवर अडवेल. "सहापैकी पाच जोड्यांत" असं स्वतः म्हणा, लगेच पुढे सहावीचं सांगा.

स्लाईडवाला
पण दोन हंगाम आहेत ना, मग बारा जोड्या झाल्या. बारापैकी दहा. हे तर खूपच चांगलं दिसते.

आकडेमोड
गावं तीच, जमीन तीच, जिनिंग तिथंच. पुढच्या वर्षी त्याच गावात तेच घडलं तर मापन पक्कं झालं असं म्हणता येते, नवीन गावं मिळाली असं नाही. बारा म्हणू नका.

स्लाईडवाला
मला हे पूर्ण पटत नाही, पाऊस वेगळा होता, पतंगांची संख्या वेगळी होती, काहीतरी वजन द्यायला पाहिजे दुसऱ्या वर्षाला. पण बोलताना बारा नको हे मान्य.

वरोऱ्याची_रसायन
माझा अनुभव सांगते, माझं काम बोअरवेलच्या पाण्यातल्या फ्लोराईडवर होतं. पिण्याच्या पाण्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर 1.5, हे मी पहिल्याच वाक्यात सांगितलं आणि माझी सगळी मोजणी त्याच पट्टीवर ठेवली. बाहेरच्या विषयाच्या मॅडम होत्या समाजशास्त्राच्या, त्यांनी मला विचारलेला प्रश्न अजून आठवते, "हा नमुना तुम्ही हापसा किती वेळ हापसल्यावर घेतला?" मला वाटलं होतं त्या गावाचं, जातीचं विचारतील. त्यांनी थेट मोजमापच धरलं. म्हणून जुना गाईड सर म्हणतात ते बरोबर आहे. डोमकळी, तुझ्या कामात अशी पट्टी कोणती? बोंड किडलं हे कसं ठरवतेस?

डोमकळी
बोंड बाहेरून चांगलंच दिसते. अळी अंड्यातून निघाल्यावर लगेच आत शिरते आणि शिरलेलं छिद्र बुजून जाते. म्हणून हिरवं बोंड चाकूनं उघडून आत अळी किंवा खाल्लेली सरकी पाहावी लागते. सापळ्यात फक्त नर पतंग येतात, ते दुरून उडूनही येऊ शकतात, म्हणून सापळ्याचा आकडा म्हणजे त्याच शेतातलं नुकसान असं नाही धरता येत. माझी मुख्य पट्टी फोडलेलं बोंड, सापळा जोडीला.

जुना_गाईड
हे चार वाक्यं जशीच्या तशी बोला. बाहेरून दिसत नाही म्हणून फोडावं लागते, हे ऐकल्यावर तिघांनाही कळते की काम कष्टाचं का होतं, हजाराचा आकडा न सांगता.

अर्थशास्त्राच्या मॅडमसाठी मात्र एक मोठी गोष्ट अजून आली नाही. मेमध्ये कोण लावते? ज्याच्याकडे विहिरीला पाणी आहे तो. आणि ज्याच्याकडे पाणी आहे तोच फरदड ठेवते, डिसेंबरनंतरही एक पाणी देऊन कापूस उभा ठेवते. फरदडीत अळी वाढते हे तर सगळेच जाणतात. मग पुढच्या वर्षी त्या गावात अळी आधी आली ती लवकर लावणीमुळे का मागच्या फरदडीमुळे?

डोमकळी
हा प्रश्न मला रात्री झोपू देत नाही सर. प्रत्येक शेतकऱ्याला पऱ्हाटी कधी उपटली ते विचारलं होतं. चार जोड्यांत दोन्ही गावांची फरदड जवळपास सारखी होती. दोन जोड्यांत लवकरच्या गावात फरदड स्पष्ट जास्त होती. तिथं मी वेगळं नाही काढू शकत.

जुना_गाईड
मग असंच सांगा. चार जोड्यांत फरदड सारखी असूनही काय दिसलं?

डोमकळी
चारपैकी तीनमध्ये लवकरचं गाव आधी. चौथी तीच उलटी जोडी, जिनिंगजवळची.

जुना_गाईड
छान. हा तुमचा खरा निकाल, आणि तो छोटा आहे. छोटा निकाल मोठ्या शब्दांत सांगितला की परीक्षक तो कापत बसतात. मर्यादा चौथ्या मिनिटाला तुम्हीच सांगा, पाचव्यात नको, कारण शेवटचं वाक्य लोकांच्या डोक्यात राहते आणि ते मर्यादेचं नसावं.

सरकीचा_जीन
मी वनस्पतीशास्त्रवाला. बीटी असून अळी का, हे कोणीतरी विचारणारच, आणि त्याचं फार सुंदर उत्तर आहे, ते पाच मिनिटांत घालावंच असं मला वाटते. आपल्याकडे बीटी कापूस संकरित आहे. झाडात अळीला मारणारं विष बनवणारे दोन जीन आहेत पण त्याच्या बोंडातली सरकी म्हणजे पुढची पिढी, तिथं जीनची वाटणी होते. काही सरक्यांत दोन्ही जीन, काहींत एकच, थोड्यांत एकही नाही. आणि गुलाबी अळी नेमकी सरकीच खाते. म्हणजे एकाच बोंडात कमी जास्त विष चाखत ती वाढते, प्रतिकार तयार व्हायला त्यानं मदत होते असं मानलं जाते.

जुना_गाईड
उत्तर उत्तम आहे पण ते ताईंच्या कामाचं नाही, त्यांनी जीन तपासला नाही. पाच मिनिटांत घातलं तर अर्ध्या तासाचे प्रश्न तिकडे जातील जिथं त्यांचं स्वतःचं मोजमाप शून्य. वहीत लिहून ठेवा, कोणी विचारलं तर चार वाक्यांत सांगा आणि म्हणा हे माझ्या अभ्यासाच्या बाहेरचं आहे.

डोमकळी
सगळ्यांचं धरून नवीन लिहिलंय. हळू वाचलं, स्लाईडवर बोट ठेवायला थांबले, तरी वेळेत बसते. स्लाईडवर फक्त कॅलेंडर: मे ते ऑगस्ट आडवी पट्टी, वर पतंग निघण्याचा काळ, खाली दोन रेघा, लवकरच्या आणि उशिराच्या कापसाला पाती कधी येतात ते.

"नमस्कार. आमच्या भागात एक शेतकरी पाऊस पडल्यावर कापूस लावतो, आणि म्हणतो की माझ्याकडे बोंडअळी शेजाऱ्याच्या मे महिन्यातल्या कापसातून आली. माझा प्रबंध म्हणजे हे खरं आहे का, याचा शोध आहे.

खरं असू शकतं, त्याचं कारण वेळेत आहे. गुलाबी बोंडअळी उन्हाळाभर जुन्या बोंडांत आणि सरकीत सुप्त असते आणि पावसाळ्याच्या तोंडावर तिचे पतंग निघतात. पतंग आठवडा दोन आठवडे जगतो. त्याच्या पिल्लांना कापसाची पाती लागतात आणि पाती लावणीनंतर चाळीस ते पंचेचाळीस दिवसांनी येतात. जूनच्या शेवटी लावलेल्या कापसाला ती ऑगस्टमध्ये येतात, तोवर सुरुवातीचे पतंग मेलेले असतात. मेमध्ये लावलेल्या कापसाला जुलैच्या सुरुवातीलाच येतात. चित्रात खालच्या दोन रेघा पहा, वरच्या पट्टीला फक्त एकच रेघ शिवते.

हे गावात दिसतं का, हे पाहायला मी गावांच्या सहा जोड्या घेतल्या. प्रत्येक जोडीत एक गाव लवकर लावणारं, एक उशिरा, जमीन सारखी. अळी बोंडात शिरली की छिद्र बुजतं, बाहेरून काही कळत नाही, म्हणून दर पंधरवड्याला हिरवी बोंडं फोडून पाहिली. बोंडं पुष्कळ असली तरी तुलना गावांची आहे, म्हणून माझा नमुना सहा जोड्यांचा समजावा.

सहापैकी पाच जोड्यांत लवकरच्या गावात अळी आधी सापडली. दुसऱ्या हंगामात त्याच जोड्यांत तेच दिसलं. सहावी जोडी उलटी गेली. तिथलं उशिराचं गाव जिनिंगला लागून आहे. जिनिंगमध्ये साठवलेल्या सरकीतून पतंग नंतरही निघत राहतात, हे कारण असावं, पण ते मी तपासलेलं नाही.

एक अडचण मी पूर्ण सोडवू शकले नाही. ज्याच्याकडे पाणी आहे तोच लवकर लावतो आणि तोच फरदड ठेवतो. चार जोड्यांत फरदड सारखी होती आणि त्यातल्या तीनमध्ये निकाल तोच राहिला. उरलेल्या दोन जोड्यांत लावणी आणि फरदड वेगळी करता येत नाही.

म्हणून मी एवढंच म्हणते: एका शेतकऱ्यानं लावण पुढे ढकलून फारसा फरक पडेल असं माझ्या आकड्यांत दिसत नाही, कारण पतंग बांध ओळखत नाही. फरक दिसला तो गावाच्या गावानं उशिरा लावलं तिथं."

आकडेमोड
"माझा नमुना सहा जोड्यांचा समजावा" हे वाक्य ऐकून मी पेन खाली ठेवलं असतं. पण शेवटचा परिच्छेद परत पहा. एकट्या शेतकऱ्यानं उशीर केला तर काय, हे तुम्ही मोजलंय का? लवकरच्या गावात एखादं उशिराचं शेत होतं का तुमच्या नमुन्यात?

डोमकळी
काही होती, पण ठरवून घेतलेली नाही.

आकडेमोड
मग "माझ्या आकड्यांत दिसत नाही" म्हणता येत नाही. "मी गावाची तुलना केली, एकट्या शेताची नाही" एवढंच म्हणा.

डोमकळी
बदलते. शेवट असा करते: "मी तुलना गावांची केली, एकट्या शेताची नाही. फरक दिसला तो गावाच्या गावानं उशिरा लावलं तिथं." 

वरोऱ्याची_रसायन
बांधाचं वाक्य सुंदर होतं, गेलं त्याचं वाईट वाटते, पण सर बरोबर म्हणतात. एक सुचवू? अर्थशास्त्राच्या मॅडम विचारतील की गावच्या गाव उशिरा लावायला तयार कसं होईल, ज्याच्याकडे पाणी आहे त्याचं लवकर लावून पहिल्या वेचणीला काय मिळते ते तो का सोडेल. त्याचा आकडा आहे का तुझ्याकडे?

डोमकळी
नाही. ते मी विचारलंच नव्हतं शेतकऱ्यांना. तसंच सांगावं लागेल.

कोरडवाहू_शेतकरी
म्हणून का बाप्पा मंधी काही वर्षं 1 जूनच्या आधी कापसाचं बियानं दुकानात भेटत नव्हतं? आम्हाले वाटे उगाच अडवते.

डोमकळी
हाव भाऊ, त्यासाठीच. राज्यात मधली काही वर्षं 1 जूनआधी शेतकऱ्याला बियाणं विकायला बंदी होती ती बोंडअळीची साखळी तोडायलाच. तुमची फुलं पाहिली का फोडून?

कोरडवाहू_शेतकरी
पाह्यली. दहात दोनात निघाली. उद्या सायबाले बोलावतो.

सरकीचा_जीन
उलट्या जोडीबद्दल विचारतो. जिनिंगच्या गावात सापळे होते ना? पतंग जुलैत आणि ऑगस्टमध्येही सतत येत राहिले असतील तर सरकीतून निघाले म्हणायला थोडा आधार मिळतो. फक्त जूनमध्ये येऊन थांबले असतील तर कारण दुसरं.

डोमकळी
सापळ्याच्या नोंदी आहेत पण आठवड्याच्या एकत्र, रात्रीनुसार नाही. ऑगस्टमध्येही येत होते एवढं नक्की. पण बाजूला कापूस होताच, ते त्यातलेही असू शकतात. वेगळं कसं करायचं ते अजून सुचलं नाही.